आधी उत्तरपत्रिका बघू, मग क्लासचं ठरवू

*सप्रेम नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात एका वाडीत राहतो. मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम. सहामाहीत बीजगणितात ४० पैकी २९ आणि भूमितीत २३ पडले. तिला गणितात नव्वदच्या वर हवेत. तिचे बाबा मुंबईला असतात. ते म्हणतात, आत्ताच शृंगारतळीच्या क्लासला घाल. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी दोन तास, उरलेल्या वर्षाची फी बारा हजार. एसटीने जायला तास आणि यायला तास. मुलगी म्हणते, मी घरीच करीन. मी नववीपर्यंत शिकले, मला तिचं गणित तपासता येत नाही. गणपतीनंतर दहा दिवस ती तापाने घरीच होती. दोन्ही पेपरांच्या प्रश्नपत्रिका आणि तिच्या उत्तरपत्रिका यांचे फोटो पाठवते. काय करू?*
*— एक आई*

ताई, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. क्लास की घरचा अभ्यास, याचं उत्तर गेलेल्या गुणांतच असतं. एकूण २८ गुण गेलेत. ते कुठे गेले ते मी एकेक करून पाहिलं, आणि जे दिसलं ते तुम्हाला आणि तिच्या बाबांना दोघांनाही सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते: वर्षभराचा क्लास नको. पण "मी घरीच करीन" एवढ्यावरही सोडू नका. एका धड्यासाठी तिला माणूस लागेल, बाकीचं तिचं तिला करता येईल.

सर्वांत आधी वेळेचं बघू, कारण तिथले गुण अगदी फुकट गेलेत. दोन्ही पेपरांत प्रश्न ५ कोरा आहे. तीन अधिक तीन, सहा गुण. मला वाटलं, येत नसेल. पण मागची पानं पाहिली तर प्रश्न २ (ब) मध्ये पाचपैकी कोणतेही चार सोडवायचे होते, तिने पाचही सोडवलेत. प्रश्न ३ (ब) मध्ये चारपैकी दोन सोडवायचे, तिने तीन सोडवलेत. दोन्ही पेपरांत हेच. दोन तासांत ४० गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं येतात. दोन गुणांचं एक आणि तीन गुणांचं एक अशी दोन गणितं जास्तीची सोडवली, म्हणजे पंधरा मिनिटं गेली. त्याचे वेगळे गुण मिळत नाहीत. तेवढ्याच वेळात प्रश्न ५ सहज झाला असता. अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. अभ्यास केलेला असतो, सगळं येतंय हे दाखवायची उमेद असते, आणि त्या भरात "कोणतेही चार" हे शब्द डोळ्यांपुढून निसटतात. तिला रागावू नका. प्रश्नपत्रिका हातात आली की "कोणतेही" या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची, एवढी एकच सवय लावा.

दुसरे नऊ गुण लिहिण्याच्या सवयीने गेलेत. यातलं एक गणित सविस्तर सांगते, कारण ते पाहून तिला स्वतःलाच पटेल. त्रिकोण ABC मध्ये DE ही BC ला समांतर आहे, AD = 4, DB = 6, DE = 6, तर BC किती? तिने लिहिलं:

AD/DB = DE/BC, म्हणजे 4/6 = 6/BC, म्हणून BC = 9.

आकडेमोड बिनचूक आहे, उत्तर चूक. AD/DB हे गुणोत्तर प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयातलं. ते AE/EC शी जुळतं, DE आणि BC शी जुळत नाही. DE आणि BC या दोन वेगवेगळ्या त्रिकोणांच्या बाजू आहेत, तेव्हा आधी ते त्रिकोण लिहायला हवे होते: कोको कसोटीने ∆ADE ∼ ∆ABC. एकदा ही ओळ कागदावर आली की गुणोत्तर अक्षरांवरूनच वाचता येतं. पहिल्या त्रिकोणाची पहिली दोन अक्षरं AD, दुसऱ्याची AB. पहिल्याची शेवटची दोन DE, दुसऱ्याची BC. म्हणून

AD/AB = DE/BC, म्हणजे 4/10 = 6/BC, म्हणून BC = 15.

तिने ती समरूपतेची ओळ गाळली आणि तिथेच फसली. कारण लिहिणं हे तपासनिसासाठी असतं असं मुलांना वाटतं. खरं तर भूमितीत कारण लिहिलं की हात आपोआप योग्य बाजू उचलतो. शिवाय आकृतीकडे नुसतं पाहिलं असतं तरी शंका आली असती. D हा बिंदू A पासून दहापैकी चारच भाग खाली आहे, म्हणजे DE ही BC च्या निम्म्याहूनही लहान हवी. 6 हे 9 च्या निम्म्याहून लहान नाही. इथे तीन गुण गेले, आणि भूमितीतच कंसातली कारणं न लिहिल्यामुळे आणखी दोन.

बीजगणितात सवयीचे चार गुण गेलेत. दोन श्रेढीच्या गणितात सूत्र न लिहिता थेट आकडे भरल्याने, आणि दोन चिन्हाने. 2x² − 5x − 3 = 0 सूत्राने सोडवताना b ची किंमत −5 आहे. −b म्हणजे +5 होतं. तिने −5 च ठेवलं आणि x = 1/2 किंवा −3 अशी उत्तरं काढली. −3 मूळ समीकरणात घालून पाहिलं असतं तर 18 + 15 − 3, म्हणजे 30 येतं, शून्य येत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. खरी उत्तरं 3 आणि −1/2. वर्गसमीकरणाचं उत्तर आलं की ते परत आत घालून बघायचं, हा नियम तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

हे सहा आणि नऊ मिळून पंधरा गुण झाले. क्लासला घातलं तर हे परत येतील का? मला नाही वाटत. क्लासमध्ये सर फळ्यावर गणित सोडवतात आणि पोरं वहीत उतरवतात. सरांच्या हातून −b चुकत नाही, कारण लिहायचं राहत नाही, आणि फळ्यावर घड्याळ लावलेलं नसतं. माझ्याकडे पूर्वी एक मुलगा शिकायला होता. क्लासची वही अशी सुबक, की दुसऱ्यांना दाखवावी. त्याच वहीतलं एक गणित मी पानावर हात ठेवून त्याला सोडवायला दिलं, तर दुसऱ्या ओळीला अडला. सरांची चूक नव्हती, त्याचीही नव्हती. समोर सोडवलेलं गणित पाहिलं की "कळलं" असं खरोखरच वाटतं. गणितात भर पडते ती आपलं आपण पेन चालवलेल्या वेळात. तुमच्या हिशेबाने क्लाससाठी आठवड्याला बारा तास जातील, त्यातले सहा एसटीत आणि थांब्यावर. बाकीच्या सहातला किती वेळ ती एकटीने, कुणी न सांगता, गणित सोडवेल? तोच वेळ घरी असेल तर आठवड्यात एक अख्खा पेपर घड्याळ लावून होतो आणि वर तो तपासायलाही वेळ उरतो.

आता उरलेले तेरा गुण. इथे मात्र "मी घरीच करीन" पुरेसं नाही.

यातले नऊ गुण एकट्या वर्तुळाच्या धड्यात गेलेत: दोन, तीन आणि चार गुणांची तीन गणितं, तिन्ही कोरी. गणपतीनंतरचे ते दहा दिवस तुम्ही लिहिलेत, म्हणून माझा अंदाज आहे की शाळेत वर्तुळ नेमकं तेव्हा शिकवून झालं. तिला विचारून बघा. त्यातल्या एका गणितात त्रिज्या 5 सेमी आहे, बाहेरचा बिंदू केंद्रापासून 13 सेमीवर आहे, आणि त्या बिंदूतून काढलेल्या स्पर्शिकेची लांबी विचारली आहे. तिने आकृतीसुद्धा काढली नाही. पण त्याच पेपरात, एक पान आधी, कर्ण 13 आणि एक बाजू 5 असलेल्या काटकोन त्रिकोणाची तिसरी बाजू तिने अचूक 12 काढली आहे. म्हणजे गणित तिला येत होतं. ठाऊक नव्हतं ते एकच वाक्य: स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. हे वाक्य माहीत असतं तर काटकोन दिसला असता आणि उत्तर तेच 12 आलं असतं.

म्हणून सांगते, वर्तुळाचा धडा तिला डोंगराएवढा वाटत असेल, पण भोक तेवढं मोठं नाही. तरीही हा धडा एकटीने पुस्तकातून करायला लावू नका. आंतरलिखित कोन, त्याने अंतर्खंडित केलेला कंस, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका या गोष्टी कुणीतरी आकृतीवर बोट ठेवून दाखवाव्या लागतात. कोणता कंस कोनाच्या आत येतो आणि कोणता बाहेर राहतो, हे वाचून चटकन लक्षात येत नाही आणि चुकीचं डोक्यात बसलं तर पुढची सगळी गणितं चुकतात. शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. ती दहा दिवस आजारी होती, वर्तुळ राहिलंय, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर पाच-सहा वेळा अर्धा तास द्याल का, असं सरळ विचारा. गावाकडच्या शाळेत हे मागायला पालक संकोचतात, पण शिक्षक बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. त्यांना खरंच वेळ नसेल, तर ओळखीतलं गणित घेऊन बी.एस्सी. झालेलं किंवा शिकत असलेलं कुणी बघा आणि या एका धड्यापुरती शिकवणी लावा. बारा हजारांतला थोडासा भाग तिथे खर्च झाला तर तो सत्कारणी लागेल. हिच्या बाबांना हेही सांगा की पैसे वाचवायचे म्हणून क्लास नको म्हणत नाही, ते जिथे लागायला हवेत तिथे लावू या.

तिने सरांकडे जाताना मात्र "वर्तुळ कळत नाही" असं म्हणत जाऊ नये. आदल्या रात्री धड्यातली सोडवलेली उदाहरणं वाचावीत, सरावसंचातली दोन गणितं करून बघावीत, आणि ज्या ओळीला अडलं तिथे खूण करून वही पुढे करावी. मग त्या अर्ध्या तासात सरांना नेमकी गाठ सोडवता येते.

शेवटचे चार गुण शाब्दिक उदाहरणाचे. प्रश्न ४ मध्ये तिने एक सोडवलं आणि दुसरं दोन ओळी लिहून खोडलं. समीकरण सोडवायला ती चुकत नाही, मांडायला अडते. ताई, इथे तुमची मदत होईल, आणि त्याला नववीच्या पुढचं शिक्षण लागत नाही. तिच्या पेपरातलं नाही, पण त्याच जातीचं एक गणित देते. १८० आंबे सारख्या खोक्यांत भरले. प्रत्येक खोक्यात तीन आंबे जास्त भरले असते तर तीन खोकी कमी लागली असती. तर एका खोक्यात किती आंबे होते?

तिला पेन हातात घेऊ देऊ नका. आधी तोंडी विचारा: आपल्याला काय माहीत नाही? एका खोक्यातले आंबे, त्याला x म्हणू. मग खोकी किती लागली? हा प्रश्न तुम्ही विचारायचा, उत्तर तिने शोधायचं. एका खोक्यात १० बसले असते तर १८, एका खोक्यात २० बसले असते तर ९. म्हणजे आपण १८० ला भागतोय, तर x असताना 180/x. जास्त भरले तर? 180/(x + 3). आणि या दोन्हींत फरक तीन खोक्यांचा. बस, समीकरण झालं:

180/x − 180/(x + 3) = 3

पुढचं तिला येतं. ते सोपं करून x² + 3x − 180 = 0 होतं, अवयव (x + 15)(x − 12), म्हणून x = 12 किंवा −15. खोक्यात आंबे उणे असू शकत नाहीत, हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहायचंच. डझनाचं खोकं, १५ खोकी. प्रत्येकी पंधरा भरले असते तर १२ खोकी. तीनचा फरक जुळला. x सुचत नसेल तेव्हा आधी १० आणि २० असे साधे आकडे घेऊन बघायचे, ही युक्ती तिला दोन-तीन गणितांत हाताला बसेल. आठवड्याला अशी चार उदाहरणं तिने तुम्हाला आधी तोंडी सांगावीत आणि मग सोडवावीत. तुम्हाला उत्तर बरोबर की चूक कळलं नाही तरी चालेल. ती सांगताना कुठे घुटमळते ते तुम्हाला नक्की कळेल.

आता नव्वदचा हिशेब. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० पैकी तिला १८ मिळतील असं धरू. मग लेखी ८० पैकी ७२ हवेत. आज तिचे ५२ आहेत, म्हणजे वीस वाढायला हवेत. वेळेचे आणि सवयीचे पंधरा सगळे परत आले तरी पुरत नाहीत. म्हणून वर्तुळाला फाटा देऊन नव्वद होणार नाहीत, हे तिलाही आकड्यांत दाखवा. ते नऊ धरले की चोवीस होतात आणि चार गुणांची उसंत राहते.

घरच्या अभ्यासाची एकच अट मला घालावीशी वाटते, ती गाईडची. गणित अडलं की गाईड उघडायचं नाही, आधी वीस मिनिटं झटायचं. तरीही नाही सुटलं तर बघायचं, पण बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गणित कोऱ्या पानावर परत सोडवायचं. तसं सुटलं तरच ते झालं असं मानायचं. रोज सकाळी शाळेआधी पाऊण तास आणि संध्याकाळी तासभर पुरतो. सरावसंच आणि धड्याच्या शेवटचे संकीर्ण प्रश्न एकदा स्वतः पूर्ण सोडवले की मग जुन्या प्रश्नपत्रिका.

घरी जमतंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. शाळेत अजून न घेतलेला त्रिकोणमितीचा धडा तिला आठ दिवसांत स्वतः वाचायला सांगा, आणि मग हे एक गणित द्या: ६० मीटर उंच दीपगृहावरून एका होडीकडे पाहताना ३० अंशांचा अवनत कोन होतो, तर होडी दीपगृहापासून किती दूर? एकट्याने वाचणारी मुलं इथे हमखास चुकतात. ती ३० अंश दीपगृहाच्या उभ्या रेषेशी मांडतात आणि सुमारे ३५ मीटर असं उत्तर काढतात. अवनत कोन आडव्या रेषेपासून खाली मोजायचा असतो, आणि बरोबर उत्तर 60√3, म्हणजे सुमारे १०४ मीटर. तिने १०४ काढलं आणि "कोन ४५ पेक्षा लहान आहे, म्हणजे अंतर उंचीपेक्षा जास्तच येणार" असं काही कारण सांगितलं, तर पुस्तकातून शिकणं तिला साधतंय. ३५ काढून ती ठाम राहिली, किंवा धडा उघडून दोन दिवसांत मिटून ठेवला, तर माझं वरचं मत मी बदलीन. मग वर्तुळाच्या एका धड्यापुरती नाही, आठवड्यातून एकदा कायमची शिकवणी लावावी लागेल, शक्यतो गावातच आणि चार-पाच मुलांच्या आत.

डिसेंबरचा पहिला रविवार धरा. सकाळी अकरा ते एक, ओटीवर किंवा पडवीत, फोन तुमच्याजवळ, एक जुनी भूमितीची प्रश्नपत्रिका. जो भाग शाळेत झाला नसेल तेवढे प्रश्न वगळा आणि वेळ त्या मानाने कमी करा, गुणाला तीन मिनिटं. तुम्ही फक्त घड्याळ सांभाळा, आणि प्रत्येक प्रश्न सुरू होताना किती वाजले ते समासात लिहायला सांगा. सर तपासून देतील. त्यानंतर उत्तरपत्रिकेचे फोटो मला परत पाठवा. मी आधी समासातल्या वेळा वाचीन आणि प्रश्न ५ चं पान बघीन.